संकरातून क्यूटीएल शोधताना: मार्करपासून लॉडच्या आलेखापर्यंत

कार्ल सॅक्स यांनी १९२३ मध्ये घेवड्याच्या दोन वाणांच्या संकराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकाचे बी मोठे आणि रंगीत होते, दुसऱ्याचे लहान आणि पांढरे. बियांचा रंग एका जनुकावर ठरतो, वजन मात्र तसे नाही. ते लहान-मोठे असे अखंड बदलत जाते. दुसऱ्या पिढीतील झाडांचे त्यांनी रंगाच्या जनुकावरून तीन गट पाडले आणि प्रत्येक गटातील बियांचे सरासरी वजन काढले. रंगाची दोन्ही अॅलील असलेल्या झाडांत ते ३०.७ सेंटिग्रॅम आले, एकच असलेल्यांत २८.३ आणि एकही नसलेल्यांत २६.४. रंगाच्या जनुकाने वजन वाढवले असे मानायची गरज नव्हती. वजनावर परिणाम करणारे काहीतरी त्याच गुणसूत्रावर, रंगाच्या जनुकाच्या शेजारी बसलेले असेल, तर एवढाच फरक दिसला असता.

अखंड बदलणाऱ्या गुणावर परिणाम करणाऱ्या गुणसूत्रावरील जागेला क्यूटीएल म्हणतात. अशा जागा शोधणारे आजचे क्यूटीएल मॅपिंग याच युक्तिवादावर उभे आहे. रंगाच्या जागी आता डीएनएचे मार्कर, म्हणजे दोन पालकांत वेगळे असलेले आणि वाचता येणारे डीएनएचे ठिकाण, आले आणि सरासऱ्यांच्या जोडीला लॉडचा आलेख आला. नवख्यांना आज्ञा चालवणे लवकर जमते. मार्कर आणि गुण यांच्यात नक्की कोणता दुवा आहे आणि आलेखातला उंचवटा किती सांगतो, इथे मात्र बरेच जण अडखळतात. म्हणून आधी तो दुवा नीट उलगडू आणि मग उंदरांच्या एका खऱ्या संकरावर सगळी पावले टाकू.

## संकर कोणता आहे, ते आधी पक्के करा

आपले उदाहरण उंदरांच्या रक्तदाबाचे आहे. अमेरिकेतील जॅक्सन लॅबोरेटरीतील संशोधकांनी ते २००१ मध्ये प्रसिद्ध केले. C57BL/6J या इनब्रेड वाणाच्या उंदरांना मिठाचे पाणी दिले की त्यांचा रक्तदाब चढतो, A/J वाणाच्या उंदरांचा तसा चढत नाही. पहिल्याला बी आणि दुसऱ्याला ए म्हणू. इनब्रेड वाणाचा प्रत्येक उंदीर जवळजवळ प्रत्येक जागी समयुग्मी असतो, म्हणून दोघांच्या संकरातील पहिली पिढी सगळी एकसारखी निघते: प्रत्येक जागी एक बी आणि एक ए. ही पिढी परत बी वाणाशी जोडली. या बॅकक्रॉसमधून आलेल्या २५० नर उंदरांचा रक्तदाब मोजला गेला.

बॅकक्रॉस नवख्यांसाठी सोयीचा आहे, कारण प्रत्येक जागी दोनच शक्यता उरतात. बी वाणाच्या पालकाकडून नेहमी बी येतो. पहिल्या पिढीच्या पालकाकडून बी किंवा ए. म्हणजे पिल्लू बीबी असेल किंवा बीए, आणि दोन्हींची शक्यता निम्मी-निम्मी. पहिल्या पिढीच्या आपसांतील संकरातून येणाऱ्या एफ-टू पिढीत तीन गट पडतात, हिशेब थोडा वाढतो, पण विचार तोच राहतो.

ज्वारी किंवा भातावर काम करणाऱ्यांच्या हाती बहुधा आरआयएल असतात, म्हणजे संकरानंतर पिढ्यानपिढ्या स्वफलनाने शुद्ध केलेल्या ओळी. त्यांत पुनर्संयोजनाला, म्हणजे जोडीतील गुणसूत्रांमधल्या तुकड्यांच्या अदलाबदलीला, बऱ्याच पिढ्यांत संधी मिळते. एका पिढीत दोन जागांमधील पुनर्संयोजनाचे प्रमाण r असेल, तर स्वफलनाच्या आरआयएलमध्ये ते 2r/(1+2r) होते. एका पिढीतले १० टक्के तिथे सुमारे १७ टक्के दिसतात. म्हणून सॉफ्टवेअरला संकराचा प्रकार अचूक सांगा. इथे चूक झाली तर नकाशातील अंतरे चुकतात आणि पुढचे सगळेच बिघडते.

## मार्कर आणि गुण यांचा दुवा

समजा, एखाद्या गुणसूत्रावर रक्तदाबावर परिणाम करणारी जागा आहे. तिथे बीबी असलेल्या उंदरांचा सरासरी रक्तदाब बीए असलेल्यांपेक्षा ६ मिलिमीटर जास्त आहे (आकडा समजण्यापुरता घेतला आहे). ती जागा आपल्याला दिसत नाही. दिसतो तो जवळचा मार्कर.

मार्करला बीबी असलेला उंदीर त्या जागीही बीबीच असेल असे नाही. पालकाच्या जननपेशी बनताना दोघांच्या मध्ये पुनर्संयोजन झाले, तर मार्कर बीबी आणि जागा बीए अशी जोडी येते. पुनर्संयोजनाचे प्रमाण १० टक्के असेल, तर मार्करच्या बीबी गटातील ९० टक्के उंदीर त्या जागी बीबी असतात आणि १० टक्के बीए. दुसऱ्या गटात नेमके उलटे. म्हणून मार्करच्या दोन गटांत ६ चा पूर्ण फरक दिसत नाही. दिसणारा फरक असा येतो:

```
दिसणारा फरक = खरा फरक × (1 − 2r)
```

म्हणजे ६ × ०.८ = ४.८. पुनर्संयोजन ३० टक्के असेल तर फरक २.४ वर येतो. मार्कर दुसऱ्या गुणसूत्रावर असेल तर r अर्धा असतो आणि फरक शून्य होतो. मार्कर गुणाचे कारण नसतो. एकाच संकरातील भावंडांत गुणसूत्राचे लांब तुकडे अखंड उतरतात, एवढ्यावरच हा दुवा टिकलेला असतो. त्यामुळे या संकरात सापडलेला मार्कर दुसऱ्या दोन वाणांच्या संकरात तेच सांगेल याची खात्री नसते. तिथे तो मार्कर दोन्ही पालकांत वेगळा नसेल, किंवा ती जागाच दोन्ही पालकांत सारखी असेल.

याच सूत्रात एकेका मार्करच्या चाचणीची अडचणही दिसते. ४.८ चा फरक १० टक्के दूरच्या, ६ मिलिमीटरच्या जागेमुळे येऊ शकतो. तोच ४.८ चा फरक २० टक्के दूरच्या, ८ मिलिमीटरच्या जागेमुळेही येतो, कारण ८ × ०.६ सुद्धा ४.८ च. एकटा मार्कर परिणामाचा आकार आणि अंतर यांना वेगळे करू शकत नाही.

## दोन मार्करच्या मध्ये पाहणे

लँडर आणि बॉटस्टीन यांनी १९८९ मध्ये इंटरव्हल मॅपिंग मांडले, ते याच अडचणीवर. शेजारच्या दोन मार्करची एकत्र माहिती घ्यायची आणि त्यांच्या मधल्या प्रत्येक ठिकाणी विचारायचे: जागा इथे असती, तर या उंदराचा तिथला जीनोटाइप बीबी असण्याची शक्यता किती?

नकाशावरील अंतर सेंटीमॉर्गनमध्ये मोजतात; जवळच्या जागांसाठी एक सेंटीमॉर्गन म्हणजे सुमारे एक टक्का पुनर्संयोजन. दोन मार्कर २० सेंटीमॉर्गन दूर आहेत आणि आपण बरोबर मध्यावर पाहतो आहोत असे घ्या. दोन्हीकडे १० सेंटीमॉर्गन, म्हणजे अंतरावरून पुनर्संयोजन काढणाऱ्या हाल्डेनच्या सूत्राने ते सुमारे ९ टक्के. एखादा उंदीर दोन्ही मार्करांना बीबी असेल, तर मध्यावरही तो बीबी असण्याची शक्यता ९९ टक्के निघते, कारण अन्यथा दोन्ही बाजूंना एकेक पुनर्संयोजन व्हावे लागेल. डावा मार्कर बीबी आणि उजवा बीए असेल, तर मध्यावर शक्यता निम्मी-निम्मी. आता डावीकडे सरकून त्या मार्करपासून ५ सेंटीमॉर्गनवर उभे राहा, तर त्याच उंदराची बीबी असण्याची शक्यता सुमारे ७५ टक्के होते.

जागेचा ठावठिकाणा याच दुसऱ्या प्रकारच्या, मध्ये तुटलेल्या उंदरांकडून कळतो. दोन्ही बाजूंना सारखे असलेले उंदीर परिणाम आहे की नाही ते सांगतात, पण जागा डावीकडे की उजवीकडे याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाहीत. मार्कर कितीही दाट केले तरी मध्ये तुटलेल्या उंदरांची संख्या वाढत नाही. त्यासाठी उंदीरच जास्त लागतात. साधारण १० सेंटीमॉर्गनवर एक मार्कर बसल्यावर उरलेला पैसा आणखी मार्करांपेक्षा आणखी संततीवर खर्च करावा, असे माझे ठाम मत आहे.

प्रत्येक ठिकाणी दोन गृहीतकांची तुलना होते: इथे जागा आहे आणि कुठेच नाही. पहिल्याखाली हाती आलेली मोजमापे मिळण्याची संभाव्यता दुसऱ्याच्या किती पट, याचा दहाच्या पायावरचा लॉगरिदम म्हणजे लॉड. लॉड ३ म्हणजे हजार पट. पण याचा अर्थ ‘चुकण्याची शक्यता हजारात एक’ असा करू नका. आपण पूर्ण जीनोमभर शेकडो ठिकाणी पाहिलेले असते; त्याचा हिशेब पुढे वेगळा करावा लागतो.

## प्रत्यक्ष काम: विदा उघडून आधी बघा

आर या संगणकभाषेतील `qtl` पॅकेजमध्ये हा संकर `hyper` नावाने येतो.

```r
install.packages("qtl")
library(qtl)
data(hyper)
hyper <- subset(hyper, chr=1:19)
summary(hyper)
plotMissing(hyper, reorder=TRUE)
```

एक्स गुणसूत्राचे नियम वेगळे असल्यामुळे शिकताना ते बाजूला ठेवले आहे. शेवटच्या ओळीने येणारे चित्र सावकाश पाहा. त्यात उंदीर रक्तदाबाच्या क्रमाने लावलेले असतात आणि जिथे जीनोटाइप नाही तिथे काळे दिसते. वरचा व खालचा पट्टा भरलेला आणि मधला मोठा भाग बहुतेक काळा दिसेल. विदा गहाळ झाली म्हणून असे झालेले नाही. आधी सर्वांत जास्त रक्तदाबाचे ४६ आणि सर्वांत कमी रक्तदाबाचे ४६, अशा ९२ उंदरांचेच जीनोटाइप काढले, कारण टोकाच्या उंदरांत माहिती जास्त असते. उरलेल्यांचे निवडक भागांतच काढले.

अशी विदा हाती आली की एक मोह होतो: ज्यांचा जीनोटाइप नाही ते उंदीर वगळून टाकावेत. तसे करू नका. टोकाचेच उंदीर ठेवले, तर दोन गटांतील फरक फुगतो, कारण निवडच रक्तदाबावरून केलेली आहे. सर्व २५० उंदरांचे रक्तदाब फाइलमध्ये राहिले पाहिजेत आणि पद्धत अशी हवी की तिला गहाळ जीनोटाइप नीट हाताळता येतील. म्हणून खाली `em` ही पद्धत घेतली आहे. हेली-नॉट पद्धत वेगवान आहे, पण निवडक जीनोटाइपिंगमध्ये तिच्यावर विसंबू नये.

स्वतःची विदा असेल तर इथे आणखी दोन गोष्टी तपासा. प्रत्येक मार्करवर बीबी आणि बीए जवळपास समान आहेत का ते `geno.table(hyper)` ने दिसते. एखादाच मार्कर फार कलला आणि शेजारचे सरळ असतील, तर बहुधा जीनोटाइप वाचण्यात चूक आहे. शेजारचेही सगळे त्याच बाजूला कलले असतील, तर तिथे खरेच जगण्याशी किंवा फलनाशी संबंधित काहीतरी असू शकते. दुसरे, एकेका सेंटीमॉर्गनवरच्या तीन मार्करांत बीबी, बीए, बीबी असा क्रम दिसला, तर तिथे दोन पुनर्संयोजने मानावी लागतात. त्याची शक्यता दहा हजारांत एकाच्या आसपास, आणि उंदरांत एक पुनर्संयोजन जवळच्या दुसऱ्याला रोखत असल्याने त्याहूनही कमी. मधला मार्कर चुकीचा वाचला गेला असण्याचीच शक्यता मोठी. असे बरेच दिसू लागले तर मार्करांचा क्रमच चुकला आहे का ते पाहा.

रक्तदाबाचा हिस्टोग्राम काढायला विसरू नका. एकच बेतालपणे मोठा आकडा, म्हणजे ११० च्या जागी टाइप झालेले ११००, सगळा आलेख बिघडवू शकतो.

## आलेख काढणे

```r
hyper <- calc.genoprob(hyper, step=1, error.prob=0.001)
out <- scanone(hyper, method="em")
plot(out)
summary(out, threshold=2)
```

पहिली ओळ दर सेंटीमॉर्गनला प्रत्येक उंदराच्या जीनोटाइपच्या शक्यता काढते, म्हणजे वर हाताने केलेला ९९ आणि ७५ टक्क्यांचा हिशेब. दुसरी ओळ लॉड काढते. चौथ्या गुणसूत्रावर, `D4Mit164` या मार्करजवळ (नकाशावर २९.५ सेंटीमॉर्गन), सुमारे ८ लॉडचा उंच सुळका दिसेल. पहिल्या गुणसूत्रावर सुमारे ३.५ चा रुंद उंचवटा आहे.

या आकड्यांवरून गुणातील किती विविधता त्या जागेशी जोडता येते याचा अंदाज एका सूत्राने निघतो:

```
1 − 10^(−2 × LOD / n)
```

n म्हणजे २५०. लॉड ८ साठी सुमारे १४ टक्के येतात, ३.५ साठी सुमारे ६ टक्के. म्हणजे इतका डोळ्यांत भरणारा सुळकासुद्धा रक्तदाबातील फरकाचा सातवा भाग सांगतो. `plotPXG(hyper, "D4Mit164")` चालवून दोन गटांचे ठिपके पाहा. सरासऱ्या वेगळ्या दिसतील, पण ठिपके एकमेकांत मिसळलेले असतील. एकट्या उंदराचा मार्कर पाहून त्याचा रक्तदाब सांगता येणार नाही, ही जाणीव इथेच पक्की होते.

टक्केवारी वापरताना सावध राहा. उंबरठा ओलांडणाऱ्याच जागा आपण जाहीर करतो आणि नशिबाने फुगलेल्या जागाच तो सहज ओलांडतात. विल्यम बीव्हिस यांच्या सिम्युलेशनमध्ये १०० संततीच्या संकरात जाहीर झालेले परिणाम खऱ्यापेक्षा खूप मोठे निघाले, ५०० मध्ये थोडे मोठे, आणि १००० मध्ये खऱ्याच्या जवळ आले. शंभर-दीडशे ओळींवरून ‘२० टक्के विविधता’ असा निष्कर्ष वाचलात, तर तो आकडा वरची मर्यादा समजा.

## उंबरठा ठरवणे

शेकडो ठिकाणी पाहिल्यावर कुठेतरी उंचवटा योगायोगानेही येणारच. तो किती उंच येऊ शकतो हे तुमच्याच विदेला विचारता येते. रक्तदाबाचे आकडे उंदरांमध्ये यादृच्छिक फिरवायचे, म्हणजे जीनोटाइप आणि गुण यांचा दुवा तुटतो. पुन्हा पूर्ण आलेख काढायचा, त्यातील सर्वांत मोठा लॉड नोंदवायचा, आणि हे हजार वेळा करायचे. त्या हजार आकड्यांपैकी फक्त ५ टक्के ज्याच्या वर जातात, तो आपला उंबरठा.

```r
strat <- ntyped(hyper) > 100
set.seed(1)
perm <- scanone(hyper, method="em", n.perm=1000,
                perm.strata=strat)
summary(perm, alpha=0.05)
summary(out, perms=perm, alpha=0.05, pvalues=TRUE)
```

`strat` ची ओळ गाळू नका. ९२ उंदरांचे जीनोटाइप भरलेले आहेत आणि रक्तदाब टोकाचे, उरलेल्यांचे उलट. सगळ्यांचे आकडे एकत्र फिरवले तर विदेची ही घडणच मोडते. म्हणून दोन गटांत वेगवेगळे फिरवायचे. संगणकाला थोडा वेळ लागेल. उंबरठा २.७ च्या आसपास येईल. चौथे गुणसूत्र तो सहज ओलांडते, पहिलेही ओलांडते. दुसऱ्याच्या शोधनिबंधातला उंबरठा उचलून स्वतःच्या संकराला लावू नका, कारण तो जीनोमच्या लांबीवर, मार्करांच्या दाटीवर आणि संकराच्या प्रकारावर बदलतो.

## सुळक्याखाली काय आहे

```r
lodint(out, chr=4)
lodint(out, chr=1)
```

ही आज्ञा शिखरापासून लॉड १.५ ने खाली येईपर्यंतचा पट्टा देते. खरी जागा बहुधा त्या पट्ट्यात कुठेतरी असते. अहवालात शिखराचा एकच आकडा न देता हा पट्टा द्यावा. दोन पट्ट्यांची रुंदी ताडून पाहा: चौथ्यावर तीव्र सुळका, पहिल्यावर पसरट उंचवटा. अशा संकरांत दहा-वीस सेंटीमॉर्गनचा पट्टा नेहमीचा आहे. उंदरात एक सेंटीमॉर्गन म्हणजे सरासरीने सुमारे २० लाख बेस, म्हणून १५ सेंटीमॉर्गनच्या पट्ट्यात तीन कोटी बेस आणि शेकडो जनुके सामावतात. त्यातले रक्तदाबाशी जुळणारे एखादे ओळखीचे जनुक उचलून ‘हेच ते’ म्हणणे ही या क्षेत्रातील सर्वांत जुनी घाई आहे. शेकडो जनुकांत शोभेलसे एखादे जनुक जवळजवळ नेहमीच सापडते.

पसरट उंचवट्याबद्दल आणखी एक शंका मनात असावी. एकाच गुणसूत्रावर एकाच दिशेने काम करणाऱ्या दोन जागा असतील, तर एका जागेचे मॉडेल कधी कधी दोघींच्या मध्ये शिखर दाखवते, जिथे प्रत्यक्षात काहीच नसते. अशा वेळी आणि जागा एकमेकींवर अवलंबून असतील तेव्हाही, दोन-दोन ठिकाणे एकत्र घेऊन पाहावे लागते:

```r
hyper <- calc.genoprob(hyper, step=5, error.prob=0.001)
out2 <- scantwo(hyper, method="em", chr=c(1,4,6,15))
plot(out2)
```

या विदेत त्याचे फळ लगेच दिसते. सहावे आणि पंधरावे गुणसूत्र एकेकटे पाहिले तर उंबरठ्याखालीच राहतात. दोन्ही एकत्र घेतल्यावर मात्र त्यांच्यातील परस्परक्रिया ठळक होते: एकाचा परिणाम दुसऱ्याचा जीनोटाइप कोणता यावर ठरतो. फक्त पहिला आलेख काढून थांबणाऱ्याच्या हातून या दोन्ही जागा निसटतात. एक इशारा: आम्ही इथे चार गुणसूत्रे आधीच माहीत असल्याने निवडली. स्वतःच्या विदेत सगळी गुणसूत्रे घ्या आणि `scantwo` साठीही क्रमपरिवर्तनाने उंबरठे काढा, कारण जोड्यांची संख्या प्रचंड असते आणि योगायोगाने चांगली दिसणारी जोडी सहज मिळते.

जागेपासून जनुकापर्यंत जायचे, तर पट्टा अरुंद करणारी नवी पुनर्संयोजने हवीत. म्हणजे नवी आणि मोठी संतती, किंवा एका वाणाच्या पार्श्वभूमीवर दुसऱ्याचा तेवढाच तुकडा बॅकक्रॉसने बसवलेल्या ओळी. ओडिशातील एफआर-१३ए या भाताच्या वाणातून आलेली पुरात तग धरण्याची जागा १९९६ मध्ये नवव्या गुणसूत्रावर सापडली. त्या संकरातील विविधतेपैकी जवळपास ७० टक्के ती एकटीच सांगत होती, म्हणजे आपल्या चौथ्या गुणसूत्रावरील जागेच्या पाचपट. तरीही त्या पट्ट्यातले सबवन-ए हे नेमके जनुक हाती यायला २००६ साल उजाडले.